पहिली पगार स्लिप: कपातीचा एकेक आकडा फोटोवरून कसा समजून घ्यायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी कुपवाड एमआयडीसीत पगारपत्रकाचं काम करतो. महिन्याची सात तारीख गेली की व्हॉट्सअ‍ॅपवर स्लिपचे फोटो यायला लागतात, कुपवाडचे, मिरज एमआयडीसीचे, कधी सातारा-शिरवळकडचे पण. आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून पहिल्यांदाच कामाला लागलेली पोरं-पोरी असतात आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, "दादा, सांगितला होता एवढा आणि हातात आला एवढाच, बाकीचे गेले कुठं?" प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकच स्लिप घेऊन सगळं एका जागी लिहितोय. स्लिप डिसेंबर २०२४ ची आहे, एका मशिन शॉपमधल्या पोराची. त्याला विचारून घेतलीय, नाव-नंबर काढलेत. जुनी असली तरी मुद्दाम हीच घेतली कारण डिसेंबरला एक जास्तीची कपात असते आणि तीच बघून लोक घाबरतात.

फोटो कसा पाठवायचा? झूम केला की आकडे फुटतात.

स्लिपची घडी आधी नीट उलगडा, टेबलावर सपाट ठेवा आणि दिवसाच्या उजेडात वरून सरळ फोटो काढा. ट्यूबलाईटखाली हातात धरून काढला की अर्ध्या कागदावर सावली पडते आणि अंगठा नेमका उजव्या खालच्या कोपऱ्यावर येतो, जिथं नेट पगार छापलेला असतो. चारही कोपरे दिसले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकला की त्याची क्वालिटी कमी होते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि एक, ज्याला स्लिप समजते अशा एका माणसालाच पाठवा, ग्रुपवर टाकू नका. त्यावर पीएफचा यूएएन नंबर, बँक खातं, पॅन सगळं असतं, ते फोनमधल्या एडिटमध्ये काळं करून टाका. कपात समजून घ्यायला त्यातलं काहीच लागत नाही.

स्लिप हातात आली की पहिल्यांदा काय बघायचं?

सगळे डायरेक्ट नेट पगार बघतात, पण सुरुवात वरच्या पट्टीतून करा, जिथं हजेरीचे दिवस असतात. आपल्या स्लिपवर महिन्याचे दिवस २६, पगारी दिवस २४ आणि बिनपगारी दिवस २ असं आहे. आता हे दोन दिवसांचे पैसे कपातीच्या कॉलममध्ये कुठंच दिसणार नाहीत कारण ते डाव्या बाजूलाच कमी होऊन आलेले असतात. बऱ्याच स्लिपवर डावीकडं दोन कॉलम असतात, एक ठरलेला दर आणि एक या महिन्याची कमाई. फोटोत हे दोन कॉलम एकमेकांना चिकटून येतात आणि पोरं दराचा आकडा धरून हिशोब करतात, मग काहीच जुळत नाही.

या पोराची डावी बाजू अशी आहे, आधी ठरलेला दर आणि मग २४ दिवसांची कमाई:

बेसिक: ९,१०० चे ८,४००
डीए म्हणजे महागाई भत्ता: ३,९०० चे ३,६००
एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता: १,८२० चे १,६८०
विशेष भत्ता: १,३०० चे १,२००
ओव्हरटाइम: ६ तासांचे ९३०

ठरलेला पगार १६,१२०, म्हणजे २६ ने भागलं तर दिवसाला ६२०. दोन दिवस खाडा झाला, १,२४० गेले, राहिले १४,८८०. त्यात ओव्हरटाइमचे ९३० मिळवले की ग्रॉस १५,८१०. ओव्हरटाइम दुप्पट दरानं असतो, ६२० भागिले ८ म्हणजे तासाला ७७.५०, त्याची दुप्पट १५५, गुणिले ६ तास, आले बरोबर ९३०. इथपर्यंत जुळलं तरच उजवीकडं जा. डावी बाजूच चुकलेली असली तर कपात चुकणारच.

उजवी बाजू:

पीएफ: १५?४ (घडी नेमकी या आकड्यावर आलीय)
ईएसआयसी: ११९
पीटी: २००
एलडब्ल्यूएफ: २५
कॅन्टीन: ३६०
अ‍ॅडव्हान्स: १,०००
एकूण कपात: ३,२८८
नेट पगार: १२,५२२

बेसिकच्या समोरच पीएफ लिहिलाय, म्हणजे तो बेसिकवरच कापलाय ना?

नाही. ही चूक जवळपास प्रत्येक नवीन माणूस करतो आणि दोष स्लिपच्या छपाईचा आहे. डावी यादी वेगळी, उजवी यादी वेगळी, कागद वाचवायला शेजारी शेजारी छापलेल्या असतात एवढंच. डीएच्या समोर ईएसआयसी आणि एचआरएच्या समोर पीटी आला म्हणून त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. स्लिप आडवी वाचायची नाही, आधी डावी बाजू वरून खाली आणि मग उजवी बाजू वरून खाली.

प्रत्येक कपातीचा पाया वेगळा असतो हे एकदा डोक्यात बसलं की झालं. पीएफ काही ठराविक रकमांवर निघतो, ईएसआय, म्हणजे आजारपणाचा विमा, या २०२४ च्या स्लिपवर सगळ्या ग्रॉसवर, पीटी टक्केवारीत नसतोच, आणि एलडब्ल्यूएफ वर्षातनं दोनदाच येतो. कुठला आकडा कशाचा हे माहीत असलं की फोटोत पुसट झालेला आकडा पण काढता येतो.

पीएफचा आकडा वाचता येत नाही, मग तो बरोबर आहे का ते कसं कळणार?

दोन बाजूंनी काढायचा. पहिली बाजू बेरजेची. एकूण कपात ३,२८८ स्पष्ट दिसतीय, त्यातनं बाकीच्या पाच कपाती काढा, ११९ अधिक २०० अधिक २५ अधिक ३६० अधिक १,००० म्हणजे १,७०४. ३,२८८ वजा १,७०४ बरोबर १,५८४. म्हणजे घडीत गेलेला आकडा ८ आहे.

दुसरी बाजू टक्क्यांची. कामगाराचा पीएफ १२ टक्के असतो, पण कशाच्या १२ टक्के? पोरानं स्वतः करून बघितलं होतं, बेसिक ८,४०० चे १२ टक्के म्हणजे १,००८. मग तो म्हणाला माझे पावणेसहाशे जास्त कापले. पण पीएफ नुसत्या बेसिकवर नसतो, डीए त्यात येतोच. ८,४०० अधिक ३,६०० म्हणजे १२,०००, त्याचे १२ टक्के १,४४०. तरी जुळत नाही. आता विशेष भत्ता मिळवा, १३,२०० झाले, त्याचे १२ टक्के १,५८४. जुळलं.

विशेष भत्ता का धरला? कारण जो भत्ता सगळ्या कामगारांना सरसकट दर महिन्याला मिळतो तो पीएफसाठी पगारातच धरायचा असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय. त्याच्या आधी बऱ्याच ठिकाणी बेसिक छोटा ठेवायचा आणि बाकी सगळं भत्त्यात दाखवायचं चालायचं, म्हणजे पीएफ कमी भरावा लागायचा. त्यामुळं या कंपनीनं भत्ता धरलाय हे पोराच्या फायद्याचंच आहे, कारण तेवढाच कंपनीचा हिस्सा पण वाढतो. एचआरए आणि ओव्हरटाइम पीएफमध्ये धरत नाहीत, म्हणून ते बाहेर राहिले.

पगार जास्त असणाऱ्यांसाठी एक गोष्ट, २०१४ पासून पीएफची मर्यादा महिना १५,००० ला आहे. बेसिक-डीए त्याच्या वर गेलं तरी बऱ्याच कंपन्या १५,००० चेच १२ टक्के म्हणजे १,८०० कापतात. तुमच्या स्लिपवर दर महिन्याला बरोबर १,८०० दिसत असतील तर कारण हे आहे, चूक नाही.

पीएफ नको म्हटलं तर चालतं का? हातात तेवढेच जास्त येतील.

कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील आणि तुमचा पीएफचा पगार १५,००० च्या आत असेल तर नाही चालत, तो सक्तीचा आहे. आणि मी तर म्हणतो चालत असतं तरी सोडू नका. तुमचे १,५८४ गेले की कंपनीला पण तेवढेच घालावे लागतात, हातात घेतले असते तर ते दुसरे आलेच नसते. कुणी सुपरवायझर "पीएफ नको असं लिहून दे" म्हणाला तर सही करू नका, तसल्या कागदानं कायदा बदलत नाही.

मला साडेअठरा हजार सांगितलं होतं, स्लिपवर ठरलेला पगार १६,१२० कसा?

साडेअठरा म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यामागं महिन्याला येणारा खर्च. या पोराचा हिशोब लावून दाखवतो. ठरलेला पगार १६,१२०. पीएफ ज्यावर निघतो ती पूर्ण महिन्याची रक्कम १४,३००, त्याचे १२ टक्के कंपनीचा पीएफ १,७१६. पीएफचा विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून आणखी १ टक्का कंपनी भरते, १४३. कंपनीचा ईएसआय ३.२५ टक्के, ५२४. सगळी बेरीज १८,५०३. म्हणजे फसवणूक नाही, पण मुलाखतीत सीटीसी सांगायचा आणि नवीन पोरानं तो हातातला पगार समजायचा हे मला अजिबात पटत नाही. म्हणून जॉईन व्हायच्या आधीच विचारा, "कापून हातात किती येणार?"

काही स्लिपवर खाली कंपनीचा हिस्सा वेगळ्या चौकटीत छापलेला असतो. तो फक्त माहितीसाठी असतो. पण तोच हिस्सा उजव्या कॉलममध्ये, एकूण कपातीच्या बेरजेत धरलेला दिसला, म्हणजे पीएफच्या दोन ओळी आणि दोन्ही ठरलेल्या ग्रॉसमधनं वजा, तर ते चुकीचं आहे. कंपनीनं आपला हिस्सा कामगाराच्या पगारातनं कापायचा नसतो, पीएफचा पण नाही आणि ईएसआयचा पण नाही. फक्त बघताना बेरीज करून खात्री करा, नुसती ओळ दिसली म्हणून भांडायला जाऊ नका.

पीएफच्या पासबुकात कंपनीचे ४८४ च दिसतायत, १,५८४ का नाहीत?

कारण कंपनीच्या १२ टक्क्यांचे दोन तुकडे होतात. ८.३३ टक्के पेन्शन खात्याला जातात आणि उरलेले पीएफला. १३,२०० चे ८.३३ टक्के म्हणजे १,१००, ते पासबुकात पेन्शनच्या कॉलममध्ये दिसतात, आणि राहिलेले ४८४ कंपनीच्या कॉलममध्ये. तुमचे मात्र १,५८४ पूर्ण पीएफलाच. तिन्ही कॉलम मिळवा, ३,१६८, म्हणजे बरोबर दुप्पट.

कापलं ते खरंच भरलं का हे कुठं बघायचं?

माझ्या मते पूर्ण स्लिपमध्ये सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि विचारतात सगळ्यात कमी. स्लिपवर छापलं म्हणजे भरलंच असं नसतं. डिसेंबरचा पीएफ कंपनीनं १५ जानेवारीपर्यंत भरायचा असतो. त्यामुळं स्लिप मिळाली त्याच दिवशी पासबुक उघडून ओरडू नका, महिन्याच्या शेवटाकडं बघा.

आधी स्लिपच्या वरच्या पट्टीत यूएएन शोधा, बारा आकडी असतो. जागा मोकळी असेल तर टाइम ऑफिसला विचारा. मग यूएएन अ‍ॅक्टिव्हेट केलेला असेल तर passbook.epfindia.gov.in वर किंवा उमंग अ‍ॅपमध्ये पासबुक दिसतं. नेट कमी असलं तर नोंदवलेल्या मोबाईलवरनं 7738299899 या नंबरला हा मेसेज पाठवला की शेवटच्या जमा रकमेची माहिती मराठीत येते:

```
EPFOHO UAN MAR
```

यातला UAN हा शब्द तसाच टाईप करायचा, तिथं नंबर घालायचा नाही. 9966044425 ला मिस कॉल दिला तरी चालतो, तोही नोंदवलेल्या नंबरवरनंच. काहीच आलं नाही तर बहुतेक आधार किंवा मोबाईल यूएएनला जोडलेला नसतो.

पुढं दुसरीकडं कामाला लागला तर हाच यूएएन तिथं द्यायचा, नवीन काढू द्यायचा नाही. दोन यूएएन झाले की पैसे एकत्र आणताना फार वणवण होते.

ईएसआयचे ११९ कसे आले? की ते १७९ आहेत?

फोटोत १ आणि ७ मध्ये कायम घोळ होतो, म्हणून वाचण्यापेक्षा काढून बघा. कामगाराचा ईएसआय पाऊण टक्का, म्हणजे दर हजाराला साडेसात रुपये. या स्लिपवर तो सगळ्या ग्रॉसवर आहे, ओव्हरटाइम आणि एचआरए धरून. १५,८१० चे पाऊण टक्का म्हणजे ११८ रुपये ५७ पैसे. ईएसआयमध्ये पैसे आले की कायम वरच्या रुपयाला न्यायचे असतात, ११८.१० असते तरी ११९ च झाले असते. म्हणजे आकडा ११९, १७९ नाही. १७९ यायला ग्रॉस तेवीस हजाराच्या वर पाहिजे.

हा दर जुलै २०१९ पासून आहे, तुमचा ०.७५ आणि कंपनीचा ३.२५. आणि कंपनीचा हिस्सा जास्त असणारी ही कपात आहे हे लक्षात ठेवा. ११९ रुपयांत तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असणाऱ्या घरच्यांना उपचार मिळतात. त्यासाठी टाइम ऑफिसकडनं ई-पहचान कार्ड काढून घ्या, त्यावर दहा आकडी विमा नंबर असतो, आणि घरच्यांची नावं त्यावर आलीत का ते बघा. मी बघितलंय, एका पोराची आई अ‍ॅडमिट होती आणि कार्डावर तिचं नावच नव्हतं, महिन्याला पैसे जात होते आणि ऐन वेळी कागद गोळा करत फिरायची वेळ आली. नाव घालायचं काम जॉईन झालेल्या आठवड्यातच करून टाका.

आजारपणात घरी बसावं लागलं तर पगाराच्या ७० टक्के दरानं वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पैसे मिळू शकतात, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या एका काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. नवीन माणसाला हे लगेच मिळत नाही, उपचार मात्र सुरुवातीपासून मिळतात.

पगार २१,००० च्या वर गेला तरी ईएसआय कापतायत, हे बरोबर आहे का?

बऱ्याचदा बरोबर असतं. ईएसआयचे वर्षात दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत कपात चालूच राहते, उपचाराचा हक्क पण चालू राहतो. म्हणजे जानेवारीत इन्क्रिमेंट झालं तर मार्चपर्यंत कापणार. आणि ओव्हरटाइममुळं एखाद्या महिन्यात २१,००० ओलांडले तर तुम्ही योजनेच्या बाहेर जात नाही, मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत.

पीटीचे २०० कशाचे? आणि फेब्रुवारीत ३०० का?

पीटी म्हणजे व्यवसाय कर, हा राज्य सरकारला जातो. पुरुषांना महिन्याचा पगार साडेसात हजारापर्यंत काही नाही, त्याच्या वर दहा हजारापर्यंत १७५, आणि दहा हजाराच्या वर २००. पगार पंधरा हजार असो नाहीतर दीड लाख, २०० च. वर्षाचा कर २,५०० करायचा असतो, अकरा महिने २०० घेतले की २,२०० होतात, म्हणून राहिलेले ३०० फेब्रुवारीत घेतात.

पोरींनी मात्र ही ओळ नीट बघा. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत पगार असेल तर पीटी शून्य आहे. मिरजेतल्या एका मुलीची स्लिप आली होती, पगार १९,००० आणि पीटी २००. सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावापुढं पुरुष असं टिक झालेलं, बाकी काही नाही. सांगितल्यावर पुढच्या महिन्यात दुरुस्त झालं आणि मागचे पैसे पण परत आले. पण कुणी बघितलंच नसतं तर वर्षाला अडीच हजार जात राहिले असते.

एलडब्ल्यूएफ २५ रुपये, हे मागच्या महिन्यात नव्हतं?

कामगार कल्याण निधी. जून आणि डिसेंबर असा वर्षातनं दोनदाच कापतात, म्हणून मधल्या स्लिपवर दिसत नाही. पूर्वी बहुतेकांचे १२ रुपये जायचे, २०२४ मध्ये ते २५ झाले आणि कंपनीचे ७५. दर महिन्याला २५ कापत असतील तर विचारा.

टीडीएसच्या पुढं शून्य आहे, पुढं एकदम कापतील का?

या पगारावर नाही. वर्षाचा पगार दोन लाखाच्या आसपास असल्यावर इन्कम टॅक्स लागत नाही. पॅन मात्र देऊन ठेवा.

कॅन्टीन, अ‍ॅडव्हान्स, बूट, दंड, हे कंपनी मनानं कापू शकते का?

कॅन्टीन आणि अ‍ॅडव्हान्स या तुमच्या आणि कंपनीच्या आपसातल्या गोष्टी आहेत, त्यामुळं त्याचा पुरावा तुमच्याकडं पाहिजे. या पोराची १८ कूपनं झाली, २० रुपयांनी ३६०. त्यानं कूपनची अर्धुकं ठेवली होती म्हणून दोन मिनिटांत जुळलं. अ‍ॅडव्हान्स दिवाळीच्या आधी ३,००० घेतला होता आणि महिना १,००० नं फेडायचा ठरलं होतं. यात स्लिपवर बाकी किती राहिली ते छापलेलं नसलं तर स्वतः लिहून ठेवा, नाहीतर हप्ते संपल्यावर पण एखादा जास्तीचा जातो आणि लक्षात येत नाही.

पतसंस्थेची ओळ असेल तर तुम्ही सभासदाच्या फॉर्मवर सही केलीय का ते आठवा. आपल्याकडं बऱ्याच कारखान्यांत कामगारांची पतसंस्था असते आणि जॉईन होताना कागदांच्या गठ्ठ्यात तो फॉर्म पण असतो. सही नसेल तर कपात व्हायला नको.

सेफ्टी शूज आणि हेल्मेट कामासाठी कायद्यानं द्यावे लागतात, त्याचे पैसे कामगाराकडनं घ्यायचे नसतात. दंड असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि तो त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर नसावा. "इतर कपात ५००" अशी मोघम ओळ दिसली की ती कशाची हे लेखी विचारा. मला सगळ्यात जास्त राग याच ओळीचा येतो, कारण तिचं नाव नसल्यामुळं ती तपासताच येत नाही.

आमची स्लिप नवीन आहे, या हिशोबानं आकडे जुळत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यात पगार कशाला धरायचं ते बदललंय. एचआरए, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम असल्या गोष्टी बाहेर, पण बाहेर काढलेल्या सगळ्यांची बेरीज एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेली तर वरचा भाग परत आत धरायचा. त्यामुळं त्यानंतरच्या स्लिपवर ईएसआय पूर्ण ग्रॉसवर जुळला नाही तर एचआरए आणि ओव्हरटाइम काढून पाऊण टक्का करून बघा. पीएफला पण तसंच, १२ टक्क्यांनी उलट भागून बघा कंपनीनं किती रक्कम धरलीय, म्हणजे पीएफचा आकडा भागिले ०.१२. जो आकडा येईल तो डाव्या बाजूच्या कुठल्या ओळी मिळवून होतो हे शोधलं की कंपनीनं काय धरलंय ते कळतं.

मी कंत्राटदाराकडनं आहे, किंवा अप्रेंटिस आहे. मला हे लागू आहे का?

कंत्राटदाराकडनं असाल तर पीएफ-ईएसआय लागू आहेच, फक्त भरणारा कंत्राटदार असतो आणि पासबुकात त्याचं नाव येतं, गेटवर लावलेल्या कंपनीचं नाही. कंत्राटदार बदलला तर पासबुकात नवीन नाव दिसायला पाहिजे, यूएएन तोच.

अप्रेंटिस कायद्याखाली करार नोंदवलेला असेल तर मिळतं ते विद्यावेतन, त्यावर पीएफ-ईएसआय कापत नाहीत. म्हणजे तुमच्याच शेजारच्या मशिनवरच्या पोराचं कापलं आणि तुमचं नाही, तरी दोन्ही बरोबर असू शकतं. करार नोंदवलाय का हे मात्र बघा.

चूक सापडली तर कुणाला आणि कसं सांगायचं?

आधी टाइम ऑफिस. तोंडी सांगितलेलं त्यांच्या पण लक्षात राहत नाही, महिनाअखेरीला शेकडो कार्डं असतात, म्हणून छोटा मेसेज किंवा अर्ज करा. "पगारात गोंधळ आहे" असं लिहू नका, कुठली ओळ, किती पाहिजे होती आणि का, एवढंच लिहा. या पोराचा प्रश्न शेवटी पीएफचा नव्हताच, त्याचे दोन खाडे लागले होते त्यातला एक दिवस तो सेकंड शिफ्टला हजर होता. त्यानं असं पाठवलं:

"सर, डिसेंबर २०२४ च्या स्लिपवर माझे पगारी दिवस २४ आहेत. १७ तारखेला मी सेकंड शिफ्टला होतो, लाईन सुपरवायझरच्या रजिस्टरला सही आहे. एक दिवस लावून २५ करावेत, फरक ६२० रुपये. पीएफ आणि ईएसआय पण त्या एका दिवसाचा धरावा."

शेवटचं वाक्य विसरू नका. नाहीतर ६२० रोख हातात देतात आणि पीएफमध्ये तो दिवस कधीच चढत नाही. रीतसर धरला तर त्या दिवसाच्या ५५० वर ६६ रुपये पीएफ जाईल, पाचेक रुपये ईएसआय जाईल, आणि फरक पुढच्या स्लिपवर एरिअर्स म्हणून वेगळ्या ओळीत दिसेल. ती स्लिप आली की डावीकडं एरिअर्सचे ६२० आलेत का आणि उजवीकडं पीएफ तेवढा वाढलाय का, दोन्ही बघून घ्या.